कॅरोसेल चांगला, तरी कॅप्शन कोणी उघडत नाही: पहिल्या ओळीपासून तपासणी

इन्स्टाग्रामवर माहितीपर कॅरोसेल टाकणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. स्लाइड मेहनतीने केलेल्या असतात, कॅप्शनही भरपूर लिहिलेलं असतं, पण कॅप्शन वाचलं गेल्याची काही खूण दिसत नाही. दोष बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडतो. एक तर पहिली ओळ वाया गेलेली असते, नाहीतर स्लाइडवरचा मजकूरच कॅप्शनमध्ये पुन्हा उतरवलेला असतो. अनेकदा दोन्ही दोष एकाच पोस्टमध्ये असतात.

लक्षणं

पुढच्यापैकी दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर खालची तपासणी तुमच्यासाठी आहे.

कॅप्शनमध्ये स्पष्ट लिहिलेली गोष्टच लोक कमेंटमध्ये विचारतात: पत्ता कुठला, किंमत किती, हे कोणासाठी आहे. सेव्ह आणि शेअर येतात, पण कॅप्शनच्या शेवटी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येत नाही. फीडमध्ये पोस्ट पाहिली तर पहिल्या स्लाइडवरचं वाक्य आणि खाली दिसणारी ओळ जवळपास सारखीच असते. ‘more’ च्या आधी फक्त इमोजी, शुभेच्छा किंवा ‘नमस्कार मंडळी’ एवढंच दिसतं. कॅप्शन लिहायला बसलं की सुचत नाही आणि शेवटी स्लाइडचे मुद्दे १, २, ३ करून चिकटवले जातात.

या शेवटच्या लक्षणाकडे विशेष लक्ष द्या. ते दिसत असेल तर दोष बहुधा कॅप्शनमध्ये नसून स्लाइडमध्ये असतो आणि तो सगळ्यात शेवटच्या तपासणीत सापडतो. पण थेट तिकडे उडी मारू नका. आधीच्या तपासण्या फुकटच्या आहेत, काही मिनिटांत होतात आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

पहिली तपासणी: पोस्ट फीडमध्ये, दुसऱ्याच्या फोनवर बघा

स्वतःच्या प्रोफाइलच्या चौकटीतून पोस्ट उघडून बघणं पुरेसं नाही. वाचकाला ती फीडमध्ये भेटते. तिथे कॅप्शनच्या आधी तुमचं खात्याचं नाव छापलेलं असतं आणि ते त्याच ओळीतली जागा खातं. नाव लांब असेल तर पहिल्या ओळीत तुमच्या वाट्याला तीन-चार शब्दच उरतात.

सुरुवातीची १२५ अक्षरं दिसतात, असा एक आकडा सगळीकडे फिरतो. मराठीत त्याच्या भरवशावर राहू नका. प्रत्यक्षात किती दिसेल हे फोनची रुंदी, वाचकाने ठेवलेला अक्षरांचा आकार आणि ॲपची त्या वेळची मांडणी यांवर ठरतं. शिवाय देवनागरीत डोळ्याला दिसणारं अक्षर आणि यंत्राने मोजलेलं अक्षर यांचा मेळ बसत नाही. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर वाटतं; यंत्रासाठी ते क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार घटक आहेत. ‘समस्या’ हा शब्द तीन अक्षरांचा दिसतो, मोजणीत सहाचा भरतो. कॅप्शनची एकूण मर्यादा २,२०० आहे आणि मराठी मजकूर ती अंदाजापेक्षा लवकर गाठतो, त्याचंही कारण हेच.

म्हणून मोजत बसण्यापेक्षा दोन फोन घ्या. एक तुमचा आणि दुसरा घरातल्या अशा कोणाचा, ज्याने अक्षरं मोठी करून ठेवली आहेत. दोन्हीकडे फीडमधून बघा. ‘more’ च्या आधी एक पूर्ण अर्थ हाती लागतो का? वाक्य पूर्ण व्हायला हवं असं नाही, अर्थ पूर्ण व्हायला हवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ही इथली खरी अडचण. ‘उन्हाळ्यात कोकणातून मागवलेल्या आणि प्रवासात थोड्या दबलेल्या फळांना…’ असं सुरू केलेलं वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचायच्या आधीच कापलं जातं आणि वाचकाला काय सांगायचं होतं हेच कळत नाही. त्यामुळे विशेषणांची रांग मागे ढकला आणि पहिल्या सहा-आठ शब्दांत एक छोटं वाक्य संपवून टाका.

आणखी दोन लहान गोष्टी इथेच बघून घ्या. पहिल्या तीन-चार शब्दांनंतर एन्टर मारून रिकामी ओळ सोडली असेल तर उरलेली जागा फुकट जाते. आणि सुरुवातीला ओळीने इमोजी लावले असतील तर तेही शब्दांचीच जागा घेतात. इमोजी ठेवायचाच असेल तर वाक्याच्या शेवटी एक ठेवा.

दुसरी तपासणी: पहिली स्लाइड आणि पहिली ओळ शेजारी ठेवा

वहीत किंवा नोट्समध्ये दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा. नामं आणि क्रियापदं अधोरेखित करा. दोन्हीकडे तीच असतील तर पहिली ओळ काहीही काम करत नाहीये. वाचक स्लाइडवरचं मोठं अक्षर आधी वाचतो, मग नजर खाली येते. तिथे तेच दिसलं की खालीही हेच असणार असा त्याचा समज होतो आणि ‘more’ वर बोट जात नाही.

दुरुस्ती बहुतेक वेळा लिहिण्याची नसून खोडण्याची असते. कॅप्शनचं पहिलं वाक्य झाका आणि दुसऱ्यापासून वाचा. पुष्कळदा दुसरं किंवा तिसरं वाक्यच खरं पहिलं असतं. आधीचं नुसतं घसा साफ करणं असतं. तेही चालत नसेल तर संपूर्ण कॅप्शनमधून असं वाक्य शोधा, जे कुठल्याही स्लाइडवर नाही आणि वाचकाच्या मनातल्या शंकेला थेट हात घालतं. ते उचलून वर आणा.

‘पाचवी स्लाइड चुकवू नका’, ‘शेवटपर्यंत वाचा’ अशा ओळी पहिल्या जागी नकोत. त्या माहिती देत नाहीत, नुसतं आवाहन करतात, आणि आता त्या इतक्या ठिकाणी दिसतात की नजर त्यांच्यावरून घसरते.

तिसरी तपासणी: दुसऱ्या स्लाइडखाली तीच ओळ वाचून बघा

ही तपासणी जवळपास कोणी करत नाही. एखाद्याने पोस्ट पाहून स्वाइप केलं नाही, तर इन्स्टाग्राम तोच कॅरोसेल त्याला नंतर पुन्हा दाखवू शकतं आणि त्या वेळी समोर दुसरी स्लाइड येते. कॅप्शन मात्र तेच राहतं. म्हणजे तुमच्या पहिल्या ओळीला दोन वेगवेगळ्या चित्रांखाली उभं राहावं लागतं.

पहिल्या स्लाइडवरच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिलेली ओळ इथे फसते. स्लाइडवर ‘तुम्ही ही चूक करता का?’ आणि कॅप्शनमध्ये ‘९० टक्के लोक करतात!’ अशी जोडी असेल तर दुसऱ्या स्लाइडखाली ती ओळ निरर्थक होते. (तो टक्का बहुधा मनानेच लिहिलेला असतो, हे वेगळं.) ‘ही’, ‘हे’, ‘यासाठी’ अशी सर्वनामं पहिल्या ओळीत असतील तर ती कशाकडे बोट दाखवतात ते बघा. स्लाइडकडे दाखवत असतील तर तिथे नाम घाला.

चौथी तपासणी: उरलेलं कॅप्शन वाक्यावाक्याने

याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. कॅप्शनच्या प्रत्येक वाक्यापुढे ते ज्या स्लाइडवर आधीच आहे तिचा आकडा लिहा. स्लाइडवर नसेल तर शून्य. मग आकडे पडलेली वाक्यं खोडा. शून्यवाली जी उरतात, तेवढंच तुमचं कॅप्शन आहे.

एक उदाहरण घेऊ. रत्नागिरीहून हापूस पाठवणाऱ्या एका काल्पनिक विक्रेत्याचा आठ स्लाइडचा कॅरोसेल आहे. स्लाइडवरचा मजकूर असा:

१. हापूसची पेटी घरी आली? आधी हे वाचा
२. पेटी लगेच उघडा
३. फळं पेंढ्यावर एका थरात मांडा
४. कच्चं फळ फ्रीजमध्ये नको
५. रोज एकदा बघा, पिकलेली वेगळी काढा
६. वास आला आणि फळ किंचित दबलं की तयार
७. खाण्याआधी थोडा वेळ पाण्यात ठेवा
८. ऑर्डरसाठी डीएम करा

कॅप्शन असं होतं: ‘🥭🥭 हापूसची पेटी घरी आली का? मग ही पोस्ट नक्की वाचा! फळांचा राजा आंबा सगळ्यांनाच आवडतो. पण तो नीट पिकवला नाही तर मजा जाते. पेटी आल्यावर लगेच उघडा. फळं एका थरात मांडा. फ्रीजमध्ये ठेवू नका. रोज तपासा. ऑर्डरसाठी डीएम करा.’

आकडे टाकले तर पहिल्या दोन वाक्यांपुढे १ येतो आणि ‘पेटी आल्यावर लगेच उघडा’ पासून अनुक्रमे २, ३, ४, ५, ८. शून्य मिळालेली वाक्यं दोनच: राजा आंबा आणि मजा जाणं. त्यांनी कोणाला काही नवीन कळत नाही. म्हणजे खोडल्यावर कॅप्शन संपलंच.

आता रिकाम्या जागेत काय भरायचं? स्लाइडवर सूचना आहेत. सूचनेमागचं कारण, तिचा अपवाद आणि तिची मर्यादा स्लाइडवर मावत नाही. ते कॅप्शनचं काम. कुठल्या सूचनेला कारण हवंय हे ठरवायला फार डोकं लागत नाही. ग्राहक फोनवर आणि डीएममध्ये काय विचारतात ते चाळा. हापूसच्या बाबतीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: फळं हिरवी का आली? आणि स्लाइडवर त्याचं उत्तर कुठेच नाही. मग नवं कॅप्शन असं होतं:

‘पेटीत हिरवी फळं निघाली? चूक झालेली नाही, हापूस कच्चाच उतरवतात.

फळ झाडावर तयार झालं की काढतात, ते पिकतं घरच्या अढीत. अढी किती दिवसांत उतरेल हे उकाड्यावर असतं, म्हणून मार्चच्या पेटीला मे महिन्यातल्या पेटीपेक्षा जास्त वेळ लागतो.

फ्रीजची मनाई फक्त कच्च्या फळाला. थंडीत पिकणं अडतं आणि नंतर बाहेर काढलं तरी चव नीट उतरत नाही. पूर्ण पिकलेलं फळ मात्र दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये चालतं.

कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा भाग दिसला तर तो साका. तो बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून रोज तपासूनही सुटतो. असं फळ निघालं तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा.

तुमची पेटी कुठल्या शहरात आली आणि पहिलं फळ कितव्या दिवशी पिकलं, तेवढं खाली लिहा.’

पहिली ओळ बघा. ‘पेटीत हिरवी फळं निघाली?’ एवढंच दिसलं तरी ज्याच्या घरी पेटी उघडी पडली आहे तो थांबतो. थोडी जास्त जागा मिळाली तर ‘चूक झालेली नाही’ हे उत्तरही दिसतं. पहिल्या स्लाइडखाली ती ओळ चालते आणि ‘पेटी लगेच उघडा’ खाली तर जास्तच चालते. सर्वनाम एकही नाही. चौथ्या स्लाइडचा विषय कॅप्शनमध्ये पुन्हा आला आहे, पण सूचना पुन्हा आलेली नाही. कारण आणि अपवाद आला आहे. विषय तोच असायला हरकत नाही, वाक्य तेच नको, एवढाच फरक सांभाळायचा आहे. शेवटचा प्रश्नही मुद्दाम असा ठेवलाय की उत्तर दोन शब्दांत देता यावं. ‘तुम्हाला काय वाटतं?’ याला लोक उत्तर देत नाहीत, कारण काय द्यायचं हेच समजत नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो पाळाच. तारीख, वेळ, ठिकाण, किंमत, बुकिंगचा नंबर ही माहिती स्लाइडवरही हवी आणि कॅप्शनमध्येही. कोणी स्लाइडचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवला तर कॅप्शन मागेच राहतं. उलट, चित्रातला मजकूर शोधात सापडेलच याचा भरवसा नाही. कॅप्शनमधले शब्द शोधाला उपयोगी पडतात, असं इन्स्टाग्रामनेच सांगितलं आहे. म्हणून ‘हापूस’, ‘आंब्याची पेटी’, ‘रत्नागिरी’ असे लोक खरोखर शोधतात ते शब्द कॅप्शनच्या वाक्यांत सहज येऊ द्या. त्यासाठी वेगळी यादी लावायची गरज नाही.

‘अंध वाचकांसाठी सगळा मजकूर कॅप्शनमध्ये पुन्हा लिहिला आहे’ असंही कारण दिलं जातं. हेतू बरोबर आहे, जागा चुकते. पोस्ट करताना प्रगत सेटिंगमध्ये ऑल्ट टेक्स्टची सोय असते आणि ती प्रत्येक स्लाइडला स्वतंत्र देता येते. स्लाइडवरचा मजकूर तिथे टाका. स्क्रीन रीडर तो त्या-त्या स्लाइडवर वाचून दाखवतो आणि कॅप्शन त्याच्या कामाला मोकळं राहतं.

पोस्ट आधीच टाकली असली तरी इथपर्यंतच्या सगळ्या दुरुस्त्या करता येतात. तीन ठिपके दाबून कॅप्शन आणि ऑल्ट टेक्स्ट नंतरही बदलता येतं. बदलल्यावर पहिली तपासणी पुन्हा करा. संपादनाच्या गडबडीत पहिल्या ओळीपुढे नको तो एन्टर शिरतो, हे फार वेळा घडतं.

पाचवी तपासणी: स्लाइडच दोषी आहेत का

आकडे टाकूनही कॅप्शनसाठी काहीच उरत नसेल तर स्लाइड बघा. दोन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार: स्लाइडमध्ये सगळंच कोंबलंय. सूचना, कारण, अपवाद, टीप, सगळं एका चौकटीत बारीक अक्षरांत. अशा वेळी कॅप्शन कितीही घासलं तरी पुनरुक्तीच होणार. प्रत्येक स्लाइडवर एकच सूचना ठेवा, कारण कॅप्शनकडे पाठवा. फोन हातभर लांब धरून स्लाइड वाचता आली नाही तर तिच्यावर जास्त मजकूर आहे, इतकी साधी खूण पुरते.

दुसरा प्रकार याच्या उलट. स्लाइडवर नुसती शीर्षकं आहेत, ‘पायरी १: तयारी’, ‘पायरी २: मांडणी’, आणि खरी माहिती कॅप्शनमध्ये. इथे वाचक आठ वेळा स्वाइप करतो आणि हाती काही लागत नाही. कॅप्शन न उघडताही स्लाइडमधून काम पूर्ण झालं पाहिजे. कॅप्शनने ते अधिक नीट करायला मदत करावी.

ही दुरुस्ती महाग आहे, कारण मजकूर चित्रात गोठलेला असतो. छापलेली स्लाइड जागेवर बदलता येत नाही. फार तर एखादी काढून टाकता येते. म्हणून जुनी पोस्ट असेल तर तिला हात लावू नका, पुढच्या कॅरोसेलला क्रम उलटा करा. डिझाइन उघडण्याआधी साध्या मजकुरात दोन रकाने करा, डावीकडे स्लाइड, उजवीकडे कॅप्शन. प्रत्येक मुद्दा एकाच रकान्यात जाऊ द्या. हे पाच-सहा कॅरोसेलना केलं की ‘कॅप्शनमध्ये काय लिहू’ हा प्रश्न पडायचा थांबतो.

इथे थांबा आणि माणूस गाठा

काही गोष्टी कॅप्शन सुधारून सुटत नाहीत, उलट चुकीच्या हाताने सुधारल्या तर अंगाशी येतात.

पोस्ट पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केली असेल तर पहिल्या ओळीचा निर्णय एकट्या तुमचा राहत नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार जाहिरात असल्याचा उल्लेख ठळक हवा आणि ‘more’ दाबल्यावरच दिसेल अशा जागी तो पुरेसा धरला जात नाही. मग पहिल्या ओळीत आकर्षक वाक्याआधी त्या शब्दाला जागा द्यावीच लागते. ब्रँडचा करार काय म्हणतो ते त्यांच्या माणसाला विचारून घ्या, अंदाजाने शब्द बदलू नका.

कॅप्शनमधलं कारण आरोग्याच्या दाव्याकडे झुकू लागलं तरी थांबा. वरच्याच उदाहरणात ‘मधुमेह असला तरी चालतो’ किंवा ‘शंभर टक्के केमिकलमुक्त’ असं लिहायचा मोह होतो. पहिल्यासाठी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ हवा, दुसऱ्यासाठी हातात पुरावा हवा. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहेच, पण आपण ते वापरत नाही आणि ‘केमिकलमुक्त’ असं जाहीर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसंच हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ते स्वतःच्या मालाला लावण्याचा हक्क नोंदणीकृत वापरकर्त्यांचा असतो. नोंदणी नसेल तर तो उल्लेख पहिल्या ओळीत काय, शेवटच्या ओळीतही टाकू नका. आधी नोंदणीचं काम बघणाऱ्या सल्लागाराशी बोला.

आणि पाचही तपासण्या चार-पाच पोस्टवर करूनही पोहोच अचानक पडलेलीच दिसत असेल, विशेषतः तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोस्ट जातच नसतील, तर कॅप्शनला दोष देणं सोडा. सेटिंगमध्ये ‘Account Status’ उघडून बघा. तिथे एखादी पोस्ट शिफारशीतून वगळल्याची नोंद असेल तर तिथूनच पुनर्विचाराची विनंती पाठवा. नोंद काही नसेल आणि व्यवसाय या खात्यावर चालत असेल, तर सोशल मीडियाचं काम करणाऱ्या माणसाला खात्याचे आकडे दाखवा. पासवर्ड मात्र कोणाला देऊ नका.